हापूसच्या पेटीचं ऑनलाइन शीर्षक: जात, वजन, बाग आणि पोहोच कशी लिहावी

मार्चमध्ये पहिल्या बहराची काढणी सुरू झाली की अनेक बागायतदार मार्केटप्लेसवर आपली पेटी टाकतात. फोटो चांगला असतो, भावही बरा असतो, पण शीर्षकात असं काही असतं: ‘ओरिजिनल प्रीमियम नं. १ रत्नागिरी/देवगड हापूस १००% नैसर्गिक मोठा आंबा’. यातल्या एकाही शब्दावरून गिऱ्हाइकाला काय मिळणार ते कळत नाही. उलट ‘रत्नागिरी/देवगड’ असं तिरप्या रेघेने जोडलेलं नाव पाहिलं की जाणकार माणूस ओळखतो, माल कुठला हे विकणाऱ्यालाच सांगायचं नाही.

उदाहरणादाखल देवगड तालुक्यात पडेलला बाग आहे असं धरू. एक डझनाचा बॉक्स आहे आणि तो मुंबई-पुण्यात घरपोच द्यायचा आहे.

सुरुवात जातीपासून आणि ठिकाणापासून करावी. मोबाइलवर यादी चाळताना शीर्षकाचा शेपटाकडचा भाग कापला जातो, म्हणून ‘देवगड हापूस आंबा’ हे पहिले तीन शब्द. शोधणारे बरेच जण इंग्रजी लिपीत टाइप करतात, त्यामुळे Hapus आणि Alphonso हे दोन्ही शब्द शीर्षकात किंवा शोधशब्दांच्या रकान्यात हवेत. बॉक्समध्ये पायरी मिसळलेली असेल तर तीही शीर्षकातच सांगावी. पायरी रसाला चांगली असते आणि मुद्दाम मागणारेही असतात, पण हापूस म्हणून मागवलेल्या बॉक्समध्ये ती निघाली की भांडण ठरलेलं.

ठिकाण लिहिताना तालुका आपलाच हवा. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. तेव्हा रायगड किंवा पालघरच्या बागायतदाराने देवगडचं नाव उसनं घेण्याची गरज नाही. ‘अलिबाग हापूस’ लिहून विकणं अवघड वाटतं खरं, पण दुसऱ्या हंगामाला परत येणारं गिऱ्हाईक त्या नावानेच परत येतं. ‘जीआय’ हा शब्द किंवा त्याचं बोधचिन्ह मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झाली असेल तरच टाका. बाग जिल्ह्यात आहे एवढ्याने तो हक्क मिळत नाही. नोंदणी असेल तर क्रमांक वर्णनात द्या, शीर्षकात त्याला जागा घालवू नका.

खरी गफलत वजनात होते. नुसतं ‘1 डझन’ म्हटलं तर 180 ग्रॅमचं फळही डझनात बसतं. नुसतं ‘3 किलो’ म्हटलं तर गिऱ्हाईक पेटीसकट तोलतं की पेंढा काढून, यावर वाद होतो. म्हणून तीन गोष्टी एकत्र हव्यात: फळांची संख्या, एका फळाचं किमान वजन आणि बॉक्स व पेंढा वगळून निव्वळ वजन.

आता हे आकडे काढू. आपण 230 ते 270 ग्रॅमची फळं वेगळी काढली. बारा फळं सरासरी 250 ग्रॅमने 3 किलो होतात, आणि मोह होतो की शीर्षकात ‘3 किलो’ लिहावं. पण काढणीनंतर फळातलं पाणी उडत राहतं. पिकेपर्यंत साधारण दहावा हिस्सा घट धरावी. आपल्या आढीतली दहा फळं रोज तोलून पाहिली तर स्वतःचा आकडा मिळतो, आणि उन्हाळा कडक असेल तर तो वाढलेलाही दिसेल. म्हणजे 3 किलोचा बॉक्स गिऱ्हाइकाच्या काट्यावर 2.7 किलो भरू शकतो, आणि 230 ग्रॅमचं फळ 207 वर येतं. तेव्हा शीर्षकात वचन द्यायचं ते ‘प्रत्येकी 200+ ग्रॅम, निव्वळ 2.5 किलो+’ एवढंच, आणि पॅक करताना बॉक्स 2.8 किलोच्या खाली आला तर एक-दोन हलकी फळं बदलून जड घालायची. 2.8 मधून दहावा हिस्सा गेला तरी 2.52 उरतात.

शेजारच्या लिस्टिंगवर ‘250–300 ग्रॅम’ दिसत असताना आपण 200+ लिहिणं कमीपणाचं वाटतं. काही गिऱ्हाइकं जातीलही. पण आंबा परत येत नाही, परत जातात ते फक्त पैसे, आणि वजनाच्या तक्रारीचा तारा पुढच्या विक्रीला चिकटून राहतो. मोठी फळं खरंच असतील तर त्यांचं वेगळं लिस्टिंग करावं. एकाच शीर्षकात ‘लहान/मध्यम/मोठा’ कोंबू नये.

पोहोचीचा शब्द फळाच्या पिकण्याशी बांधलेला आहे. चौदा आणे तयार झालेला हापूस देठ ठेवून काढला आणि पेंढ्याच्या आढीत घातला तर साधारण आठ ते दहा दिवसांत पिकतो. काढणीच्या दुसऱ्या दिवशी पाठवला तर मुंबई-पुण्याला तो हिरवाच पोहोचतो आणि घरी आणखी आठवडाभर ठेवावा लागतो. हे न सांगता ‘2 दिवसांत घरपोच’ एवढंच लिहिलं तर दुसऱ्या दिवशी ‘आंबे कच्चे पाठवले’ असा निरोप येणारच. म्हणून शीर्षकात ‘घरी 5–7 दिवसांत पिकेल’ लिहावं आणि वर्णनात सांगावं की फळ पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण थंडीने सालीवर डाग पडतात आणि फळ नीट पिकत नाही. आढीत चार-पाच दिवस ठेवून अर्धपिका माल पाठवायचा तर तो जवळच्या शहरांपुरताच ठेवा. नागपूरला किंवा राज्याबाहेर जाणाऱ्या पार्सलला हिरवंच फळ हवं. शनिवार-रविवारी पार्सल गोदामात अडकतं, म्हणून रवानगी सोमवार ते बुधवारच ठेवलेली बरी.

‘कार्बाइड फ्री’ शीर्षकात नको. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदीच आहे, ते न वापरणं हा गुण म्हणून मिरवण्याचा विषय नाही. त्याऐवजी आढीत पिकवलेला की इथिलीन कक्षात, ते खरं लिहा. इथिलीन ठरवलेल्या मर्यादेत चालतं, लपवायचं काही नाही. ‘सेंद्रिय’ शब्द प्रमाणपत्र हातात असेल तरच.

तर पडेलच्या बॉक्सचं शीर्षक असं होईल:

‘देवगड हापूस आंबा (Hapus, Alphonso), 12 फळे, प्रत्येकी 200+ ग्रॅम, निव्वळ 2.5 किलो+, पडेल येथील बागेतून, मुंबई-पुणे 2 दिवसांत, घरी 5–7 दिवसांत पिकेल’

अक्षरमर्यादा कमी पडली तर कंसातला भाग शोधशब्दांत हलवा, नंतर गावाचं नाव वर्णनात न्या. वजनाला हात लावू नका.

हंगामभर हे एकच शीर्षक चालणार नाही. पुढच्या बहराची फळं काढायला लागलात की आठवड्याला एकदा तोलून प्रति फळ वजन नव्याने लिहा. मे अखेरीस वळवाचा पाऊस लागला की करप्याचे डाग आणि फळमाशी वाढते. तेव्हा लांबची ठिकाणं बंद करून पोहोचीच्या यादीत जवळचीच शहरं ठेवा, आणि डागी माल कॅनिंगला द्या.