दोघांसाठी गाडी: हॅचबॅक की कॉम्पॅक्ट सेडान?

बजेट कमी, माणसं दोनच आणि शनिवार-रविवारी तुळजापूर किंवा वेरूळची फेरी. अशा वेळी निर्णय डिकीवर घ्यावा.

हॅचबॅक स्विफ्टची डिकी 265 लिटरची, सेडान डिझायरची 382. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मात्र दोन्हींत 2450 मिमीच, त्यामुळे बसायची जागा साधारण सारखीच. म्हणजे जास्तीचे पैसे मुख्यतः डिकीचे.

1. शोरूमला जाताना नेहमीच्या दोन बॅगा आणि पाण्याचा जार सोबत न्या. हॅचबॅकमध्ये सामान मागच्या काचेच्या खाली बसलं, तर तीच घ्या.
2. बसलं नाही, तर मागची सीट पाडून बघा. दोघांना ती तशीही रिकामीच लागते. बऱ्याच कॉम्पॅक्ट सेडानमध्ये ती पडत नाही, त्यामुळे लांब वस्तू हॅचबॅकमध्येच सहज मावते.
3. आई-वडीलही नेहमी सोबत येणार असतील, तर सीट पाडता येत नाही. तेव्हा सेडान.

सीएनजी घेणार असाल, तर सिलिंडर बसवलेलीच गाडी बघा. एका मोठ्या टाकीने सेडानच्या डिकीचा फायदा बराचसा संपतो. टियागो, टिगोरमध्ये दोन लहान टाक्या तळाशी असल्याने वर जागा उरते. आणि गावाच्या वाटेवर सीएनजी पंप आहे का, हे आधी पाहा.