शून्य चौरस फुटाचा फ्लॅट आणि माझी झालेली फजिती

नोकरीला लागून चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट आहे. मी डोंबिवलीची, ऑफिस अंधेरीला, बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करून नुकतीच लागलेले. काम असं होतं की पश्चिम उपनगरातल्या भाड्याच्या फ्लॅटचा डेटा घ्यायचा आणि भाडं कशावर ठरतं त्याचं रिग्रेशन मॉडेल बनवायचं. मी बनवलं, स्लाइड केली आणि मीटिंगमध्ये छाती ठोकून वाचलं की स्टेशनपासून चालायचं एक मिनिट वाढलं की भाडं चारशे रुपयांनी वाढतं.

दोन सेकंद कोणी काही बोललंच नाही. मग आमचे सर म्हणाले, "अगं, तू रोज ट्रेननेच येतेस ना?"

सगळे हसले. मी आउटपुट पुन्हा पाहिलं, आकडा बरोबर होता, टायपो नव्हता, कोडही बरोबर होता. चूक वाचण्यात होती. इंटरॅक्शन टर्म, म्हणजे दोन व्हेरिएबलचा गुणाकार, मॉडेलमध्ये घातल्यावर ही चूक बहुतेक सगळे एकदा तरी करतात, म्हणून जरा नीट लिहितेय. खाली दिलेले आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून बनवलेत, खरा डेटा ऑफिसचा आहे आणि तो काही मी इथे टाकणार नाही, पण गडबड अगदी हीच होती.

तर झालं असं. पहिलं मॉडेल साधं होतं, भाडं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कार्पेट एरिया आणि स्टेशनपर्यंत चालायची मिनिटं (खरी मिनिटं, ब्रोकरची "स्टेशनसे पाच मिनट" नव्हे). त्यात मिनिटांचा कोएफिशंट निगेटिव्ह येत होता, म्हणजे लांब गेलं की भाडं कमी, कोणालाही पटेल असं. पण साधं मॉडेल असं धरून चालतं की एका मिनिटाचा फटका प्रत्येक फ्लॅटला सारखाच बसतो, तीनशे फुटांची खोली असो की सातशे फुटांचा टू बीएचके. ते काही खरं नाही, मोठ्या फ्लॅटचं भाडंच मुळात मोठं, त्यामुळे लांब गेल्यावर रुपयांत होणारी घटही मोठी. म्हणून सर म्हणाले की इंटरॅक्शन घालून बघ. मी घातलं.

```
import statsmodels.formula.api as smf
m1 = smf.ols("bhade ~ minite * area", data=df).fit()
```

फॉर्म्युल्यातला `*` म्हणजे नुसता गुणाकार नव्हे हं, तो `minite`, `area` आणि `minite:area` अशा तिन्ही टर्म आपोआप घालतो. फक्त `:` लिहिलं तर एकटा गुणाकारच जातो, त्याची भानगड शेवटी सांगते. भाडं हजारात धरलंय, आणि समीकरण आलं असं:

`bhade = 1 + 0.4*minite + 0.09*area - 0.002*minite*area`

मी काय केलं तर `0.4` उचलला आणि साध्या मॉडेलमध्ये वाचायचे तसाच वाचला. आता जरा कागद घेऊन बसा. एक मिनिट वाढलं तर भाडं किती बदलेल? समीकरणात मिनिटं दोन ठिकाणी आहेत, त्यामुळे बदल फक्त `0.4` नाही, तो आहे `0.4 - 0.002*area`. म्हणजे एका मिनिटाचा असा एक आकडा राहिलाच नाही, प्रत्येक साइझच्या फ्लॅटसाठी वेगळा आकडा आहे. ३०० फुटांसाठी तो −०.२, म्हणजे मिनिटाला दोनशे रुपये कमी. ५०० फुटांसाठी −०.६, सहाशे कमी. ७०० फुटांसाठी −१.०, हजार रुपये कमी. तिन्ही निगेटिव्ह, तिन्ही पटण्यासारखे.

मग तो प्लस ०.४ कोणाचा? एरिया शून्य टाकला की उरतो तो. म्हणजे शून्य चौरस फुटाच्या फ्लॅटसाठी एका मिनिटाचा परिणाम. मुंबईत जागेची कितीही बोंब असली तरी शून्य फुटाचा फ्लॅट अजून तरी कोणी भाड्याने दिलेला नाही, आणि आमच्या डेटात सगळ्यात छोटी जागा होती २२० फुटांची. मॉडेल काही खोटं बोलत नव्हतं, जिथे एकही फ्लॅट नाही तिथपर्यंत रेषा ओढून तिथला आकडा मला देत होतं आणि मी तो सगळ्या मुंबईचा म्हणून सांगितला.

एरियाचा ०.०९ पण तसाच आहे. त्याचा अर्थ फुटामागे नव्वद रुपये, पण फक्त शून्य मिनिटांवर, म्हणजे स्टेशनला चिकटलेल्या बिल्डिंगमध्ये. दहा मिनिटं लांब गेलात की तो `0.09 - 0.002*10`, म्हणजे फुटामागे सत्तर. वीस मिनिटांवर पन्नास. हा नव्वद निदान अर्थ लागेल असा तरी आहे, कारण स्टेशनसमोर बिल्डिंगी असतात. म्हणून "मेन इफेक्ट" हे नावच मला आता खटकतं, इंटरॅक्शन असलेल्या मॉडेलमध्ये त्यात मेन असं काही नसतं, दुसरं व्हेरिएबल शून्य असतानाचा तो उतार असतो, बस.

सरांनी त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन दोनच ओळी टाइप करायला लावल्या.

```
df["area_c"] = df["area"] - 500
m2 = smf.ols("bhade ~ minite * area_c", data=df).fit()
```

यालाच सेंटरिंग म्हणतात. साधारण सरासरी वजा करतात, आम्ही ५०० घेतला कारण टिपिकल वन बीएचके तेवढा निघत होता आणि मीटिंगमध्ये सांगायला सोपा. आता समीकरण आलं `46 - 0.6*minite + 0.09*area_c - 0.002*minite*area_c`. मिनिटांचा कोएफिशंट प्लस ०.४ वरून मायनस ०.६ झाला, चिन्हच उलटलं, आणि मी म्हटलं सर हे तर वेगळंच मॉडेल झालं.

ते म्हणाले, "वेगळं काही नाही, एक फ्लॅट घे आणि दोन्हीत टाकून बघ."

मी ७०० फूट, २० मिनिटं घेतलं. पहिल्यात १ + ८ + ६३ − २८ = ४४. दुसऱ्यात `area_c` झाला २००, तर ४६ − १२ + १८ − ८ = ४४. तेच चव्वेचाळीस हजार. R² तोच, प्रत्येक रेसिड्यूअल तोच, इंटरॅक्शनचा −०.००२ तोच, त्याची पी-व्हॅल्यूही तीच. बदललं काय तर "शून्य" कुठे आहे ते. पूर्वी शून्य म्हणजे नसलेला फ्लॅट होता, आता शून्य म्हणजे ५०० फुटांचा फ्लॅट. आणि एरियाचा ०.०९ का नाही बदलला, तर मिनिटांमधून आपण काही वजाच केलं नव्हतं. मिनिटांतून १० वजा केले की तो ०.०७ होतो, आणि इंटरसेप्ट ४० होतो, म्हणजे स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या ५०० फुटांच्या फ्लॅटचं अंदाजे भाडं, चाळीस हजार. असा इंटरसेप्ट तुम्ही कोणालाही सांगू शकता.

इथे एक गैरसमज लगेच काढून टाका, मीही बाळगून होते. क्लासमध्ये शिकवतात की सेंटरिंग केल्याने मल्टिकोलिनिॲरिटी जाते, व्हीआयएफ खाली येतो. व्हीआयएफ येतो खाली, खरंय, पण इंटरॅक्शनचा स्टँडर्ड एरर एक दशांशाने पण हलत नाही, स्वतः छापून बघा. मिनिटांचा स्टँडर्ड एरर मात्र कमी होतो, पण तो काही इलाज झाला म्हणून नाही. आधी तुम्ही डेटाच्या बाहेरच्या जागेचा उतार विचारत होतात, आता डेटाच्या मधोमधचा विचारताय, आणि जिथे भरपूर फ्लॅट आहेत तिथे मॉडेलला जास्त खात्री असणारच. प्रश्नच बदलला.

याचाच रोजच्या कामात एक उपयोग आहे. समजा कोणी विचारलं की ७०० फुटांसाठी मिनिटाचा परिणाम किती आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल काय. आकडा हाताने निघतो, −१.०, पण स्टँडर्ड एरर हाताने काढायचा तर दोन कोएफिशंटचे व्हेरिअन्स आणि त्यांच्यातला कोव्हेरिअन्स लागतो, आणि नवीन लोक तो कोव्हेरिअन्स हमखास विसरतात. त्यापेक्षा ५०० च्या जागी ७०० वजा करा, पुन्हा फिट करा, `minite` च्या ओळीत स्टँडर्ड एरर, इंटरव्हल सगळं तयार मिळतं. मी आता ३००, ५०० आणि ७०० अशा तीन फिट करून तीनच ओळींचं टेबल देते, मूळ कोएफिशंटचं टेबल स्लाइडवर टाकतच नाही.

हां, आणि इंटरॅक्शन दिसलं म्हणजे ते खरंच आहे असं पण नाही. मोठे फ्लॅट जर जास्त करून स्टेशनपासून लांब असतील आणि एरिया वाढेल तसा फुटामागचा दर जर आपोआप कमी होत असेल, म्हणजे रेषा सरळ नसून वाकडी असेल, तर तो वाकडेपणा इंटरॅक्शनचं सोंग घेऊन येतो. म्हणून मी एकदा एरियाचा वर्ग घालून बघते की −०.००२ टिकतो का.

आता ती `:` ची भानगड, म्हणजे गुणाकार ठेवून मेन इफेक्ट गाळण्याची. वर्षभराने दुसरीकडे इंटरव्ह्यूला गेले होते, तिथे मला विचारलं, इंटरॅक्शन सिग्निफिकंट आहे पण मेन इफेक्टची पी-व्हॅल्यू मोठी आहे, तर मेन इफेक्ट काढून टाकाल का? बरेच जण हो म्हणतात, कारण "सिग्निफिकंट नाही तर काढा" डोक्यात बसलेलं असतं. मी त्यांना फ्लॅटचंच उदाहरण दिलं. पहिल्या मॉडेलमधून `minite` काढला तर मी म्हणतेय की शून्य फुटाच्या फ्लॅटला मिनिटाचा परिणाम बरोब्बर शून्य आहे. सेंटर केलेल्या मॉडेलमधून काढला तर मी म्हणतेय की ५०० फुटांच्या वन बीएचकेला स्टेशन जवळ असलं काय नि लांब असलं काय, काही फरक नाही. काढण्याआधी दोन्ही मॉडेल ४४ हजार सांगत होती, काढल्यावर दोघांची उत्तरं जुळत नाहीत, म्हणजे भाडं आता मी कुठला आकडा वजा केला त्यावर ठरणार.

समोरच्या मॅडम थोडं थांबून म्हणाल्या, "आणि फर्निश्ड की अनफर्निश्ड असा शून्य-एकचा कॉलम असला तर?" मी म्हटलं तेच, फक्त शून्य म्हणजे कोण ते कोडिंग करणारा ठरवतो, अनफर्निश्डला शून्य दिलं तर मिनिटांचा कोएफिशंट फक्त अनफर्निश्ड फ्लॅटचा, उलटं केलं तर फक्त फर्निश्डचा. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं की नोटीस पिरियड किती आहे.