मिरची पावडरच्या पुडीला गिऱ्हाईक किती जादा देतं?

नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत मी एका प्रादेशिक मसाला ब्रँडच्या इक्विटीचं, म्हणजे त्याच्या नावाला गिऱ्हाईक किती मोल देतं याचं, सर्वेक्षण केलं. ओळख, प्रतिमा, निष्ठा आणि जादा किंमत या चारही गोष्टी विचारायच्या होत्या. या कामात नव्याने येणाऱ्यांनी पहिल्या दोन झटपट आटोपून वेळ शेवटच्या दोनांसाठी राखावा, असं माझं मत आहे.

ओळख विचारताना ब्रँडचं नाव आधी तोंडातून जाऊ देऊ नका. "मिरची पावडर म्हटलं की कोणकोणती आठवते?" एवढंच विचारा. बऱ्याच बाया नाव घेत नाहीत, "लाल पुडी" म्हणतात. अशा वेळी नाव झाकलेल्या चार-पाच पुड्या समोर ठेवून ओळखायला सांगा आणि ही नोंद वेगळ्या रकान्यात करा. प्रतिमेसाठी त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. "रंग येते, पण झणका नाही" या उत्तराचं "मध्यम समाधान" करून टाकलं, की हाती काही उरत नाही.

निष्ठेचा आकडा मात्र हमखास फसवतो. "दरवेळी हीच घेता का?" याला "हो" येतं. पण एक बाई म्हणाली, "पोट्टं जाते अन् दुकानदार देईन ते आनते." गावात दुकान एकच आणि खातं उधारीचं असेल, तर ती निष्ठा दुकानदारावरची असते. म्हणून तोच प्रश्न आठवडी बाजारातही विचारा, कारण तिथे रोख व्यवहार असतो आणि निवडीला वाव असतो. "ही नसली तर काय कराल?" हेही विचारा. दुसऱ्या दुकानात जाणारी आणि सुटी मिरची घेणारी यांना एकाच रकान्यात टाकू नका.

आता किंमत. समजा, 10 रुपयांच्या आपल्या पुडीत 20 ग्रॅम आहे आणि दुसऱ्या पुडीत 25. म्हणजे 100 ग्रॅमला आपली 50 रुपयांना पडते, दुसरी 40 ला. कागदावर जादा किंमत 25 टक्के दिसते. पण वजन कुणी वाचलेलंच नसेल, तर ते पैसे ब्रँडच्या नावासाठी दिलेत असं म्हणता येत नाही. त्यासाठी 100 ग्रॅमची दोन्ही पाकिटं समोर ठेवा, वजन मोठ्याने सांगा आणि दोन्हींची किंमत 40 धरा. ज्या आपलं निवडतील, त्यांच्यासाठी आपली किंमत दोन-दोन रुपयांनी वाढवत न्या. 44 ला निम्म्या जणी सुटल्या, तर नावाची कमाई साधारण 4 रुपये, 10 नव्हे.

तोंडी उत्तर फुगीर येतं. परवडत असेल तर वेळेचा मोबदला म्हणून प्रत्येकीला 50 रुपये द्या आणि त्यातूनच पाकीट खरोखर विकत घेऊ द्या, उरलेले पैसे तिचे.

हे काम उन्हाळ्यात करू नका. तेव्हा घरोघरी वर्षाची मिरची कुटून ठेवतात, आणि पुडीची गाठ दुसऱ्या पुडीशी नव्हे, घरच्या बरणीशी असते.