फोटोवरून बॅटची अस्सलता ठरवताना या चुका टाळा

सोलापुरात पार्क मैदानावर खेळणाऱ्या मुलांकडे वापरलेल्या ‘इंग्लिश विलो’ लाकडाच्या बॅटचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, आणि सर्वांत मोठी चूक तिथेच होते: स्टिकर पाहून किंमत मान्य केली जाते. स्टिकर बॅटचा सर्वांत कमी विश्वासार्ह भाग आहे, कारण तो सुटा मिळतो आणि सहज बदलता येतो. त्याची कड वाकडी किंवा उचललेली दिसली, तर शंका जरूर घ्यावी. पण जुन्या अस्सल बॅटवरही नवा स्टिकर लावलेला असू शकतो आणि बनावट बॅटवरही तो अगदी नीट बसलेला असू शकतो.

दुसरी चूक म्हणजे फक्त समोरच्या बाजूचे ग्रेन्स मोजणे. ग्रेन ही झाडाच्या वार्षिक वाढीची रेषा असल्यामुळे ती लाकडाच्या आरपार गेलेली असते. म्हणून समोरची रेषा खाली टोपर्यंत, म्हणजे बॅटच्या तळाच्या टोकापर्यंत येऊन, टोच्या जाडीतून मागच्या बाजूकडे जाताना दिसायला हवी. समजा, एका फोटोत समोर नऊ ठळक, एकसारख्या अंतराच्या रेषा आहेत, मात्र टोच्या फोटोत जेमतेम पाच दिसतात आणि त्याही समोरच्या रेषांना जुळत नाहीत. अशा वेळी समोरच्या काही रेषा रंगवलेल्या किंवा छापलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. नैसर्गिक रेषांमधले अंतर कुठे कमी, कुठे जास्त असते. टोवर रबर किंवा काळा लेप असेल, तर ही तपासणी होत नाही. तेव्हा मागच्या बाजूचा आणि कडांचा फोटो मागवावा.

फोटो नेहमी डॉक्युमेंट म्हणून मागवावा, कारण एरवी व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करते आणि बारीक रेषा पुसट होतात. फ्लॅश नको, सावलीतला उजेड पुरे. लाकूड अतिशय पांढरे दिसले, तर ते ब्लीच केलेले असू शकते. पण खालच्या दर्जाच्या इंग्लिश विलोलाही ब्लीच करतात, त्यामुळे तेवढ्यावरून बॅट बनावट ठरवू नये.

हँडलसाठी ग्रिप थोडी वर गुंडाळून फोटो काढायला सांगावा. दोऱ्याचे वेढे एकमेकांना चिकटून, सलग बसलेले असावेत. मध्येच फट किंवा नुसती चिकटपट्टी दिसली, तर हँडल दुरुस्त झाले असावे. हा बनावटपणाचा पुरावा नाही, मात्र किमतीवर परिणाम करणारी गोष्ट आहे. खोदलेला किंवा दाबून उठवलेला शिक्का तिरप्या उजेडात खोलगट दिसतो, छापलेला मात्र सपाटच राहतो. त्यावर अनुक्रमांक असेल, तर त्याच क्रमांकाचे बिल मागावे.

लाकूड इंग्लिश की काश्मिरी, हे केवळ फोटोवरून ठामपणे सांगता येत नाही, कारण काश्मिरी विलोलाही ग्रेन्स असतात. त्यासाठी बॅट हातात घेऊन वजन पाहावे आणि चेंडू ठोकून आवाज ऐकावा. विक्रेता टोचा फोटो देण्यास टाळाटाळ करत असेल, तर आगाऊ पैसे मुळीच पाठवू नयेत.