नंबर घातलेल्या प्रिंटची एडिशन आणि चढती किंमत : या चुका टाळा

बडोद्यात फाइन आर्ट्स फॅकल्टीमुळे एचिंग आणि लिथो असे हाताने छापलेल्या चित्रांचे प्रकार ओळखणारं गिऱ्हाईक भेटतं. ते आधी डाव्या कोपऱ्यातला पेन्सिलचा आकडा बघतं. 7/30 म्हणजे तीस प्रतींच्या एडिशनमधली सातवी प्रत. तो खालचा 30 एकदा लिहिला की वाढवता येत नाही, म्हणून सगळ्यात महागाची चूक तिथेच होते.

मांडवीच्या दरवाजाचं एचिंग आहे आणि तुमच्या वर्षाला साधारण बारा प्रती खपतात, असं धरू. एडिशन शंभरची आणि दर पंचवीस प्रती विकल्या की किंमत वाढवायची असं ठेवलं, तर पहिली वाढ यायलाच दोन वर्षं उलटतील. तोवर किंमत हलतच नाही, मग घाई करायचं कारण कुणालाही उरत नाही. तीसची एडिशन आणि दहाचा टप्पा ठेवला तर तेच दहा महिन्यांत होतं. प्लेटलाही मर्यादा असते. करड्या छटा देणारा ॲक्वाटिंटचा बारीक दाणा आधी झिजतो. पहिली आणि पंचविसावी प्रत शेजारी ठेवा. करडे भाग फिके दिसत असतील तर आकडा त्याच्या आतच ठरवा.

आता किमती. पहिल्या दहा 4,000 रुपयांना, पुढच्या दहा 4,600, मग पाच 5,500 आणि शेवटच्या पाच 7,500. सुरुवातीच्या उड्या लहान, शेवटच्या मोठ्या. पहिली किंमत मात्र जपून ठरवा. गॅलरीने 40 टक्के घेतले की 4,000 चे 2,400 उरतात. कागद, शाई, छपाई 900 आणि पॅकिंग-कुरिअर 300 धरलं तर हातात 1,200. हीच प्रत ‘सुरुवातीला स्वस्त’ म्हणून 2,000 ला लावली तर हातात शून्य, आणि एडिशनचा तिसरा हिस्सा फुकट गेला.

टप्पा बदलतो तो विकलेल्या प्रतींवर. प्रतीवरचा नंबर कितीही असो. गॅलरी आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडून विकत असाल तर नोंदवही एकच हवी, नाहीतर 11/30 दोघांना कबूल होते. दहाव्या प्रतीचे पैसे आले की त्याच दिवशी दोन्हीकडे भाव बदला. नुसत्या बुकिंगवर बदलू नका. एडिशनच्या आकड्याबाहेर स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती, म्हणजे आर्टिस्ट प्रूफ, किती काढले (तीसला तीन पुरेत) तेही सुरुवातीलाच सांगा. मागाहून ते स्वस्तात निघाले तर आकड्यावरचा विश्वास उडतो.

तिसऱ्या टप्प्यावर विक्री थांबली तर सूट देऊ नका. 5,500 वर वीस टक्के सूट म्हणजे 4,400. दुसऱ्या टप्प्यातल्याने 4,600 मोजलेत, आणि ते त्याला कळतंच. भाव तोच ठेवून फ्रेम करून द्या, किंवा पुढचं चित्र वीसच्या एडिशनमध्ये काढा.