या चुका टाळा: विमान तिकिटाचा रिफंड ‘झाला’ म्हणतात, पण पैसे कुठे गेले?

पणजीत एका ट्रॅव्हल ऑफिसच्या हिशेबाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. रिफंडसाठी येणाऱ्या माणसांची तक्रार बहुधा एकच असे: “कंपनी म्हणते दिले, बँक म्हणते आले नाहीत, मग पैसे गेले कुठे?” यातले बरेचसे पैसे हरवलेले नसतात. ते ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येत असतात आणि मधल्या एखाद्या थांब्यावर अडकून पडतात. आपण शोधतो मात्र भलत्याच ठिकाणी.

डिचोलीच्या एका कुटुंबाचं उदाहरण सांगतो. मोपा विमानतळाहून दिल्लीची तीन तिकिटं त्यांनी म्हापशातल्या ओळखीच्या एजंटाकडून काढली. एका तिकिटाचे 6,200 रुपये आणि वर एजंटाचे माणशी 200, असे एकूण 19,200 रुपये यूपीआयने एजंटाला दिले. घरात आजारपण आलं, म्हणून 8 जुलैला तिकिटं रद्द केली. दहा-बारा दिवसांनी त्या घरातल्या वहिनींनी विमान कंपनीच्या साईटवर पीएनआर टाकून पाहिलं, तर तिथे ‘Refund Processed’ दिसलं. खात्यात मात्र छदामही नव्हता. भाऊ तीनदा बँकेत जाऊन आले. बँकेने प्रत्येक वेळी तेच सांगितलं, “असा काही क्रेडिट आलेला नाही.” बँक खरंच बोलत होती.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच आहे. ‘प्रोसेस्ड’ म्हणजे आपल्या खात्यात जमा, असं आपण धरून चालतो. कंपनीच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की ज्याने आम्हाला पैसे दिले होते, त्याच्याकडे ते परत पाठवले. भावाने पैसे दिले एजंटाला. एजंटाने तिकिटं काढली एका मोठ्या घाऊक पोर्टलवरून, तिथल्या आपल्या वॉलेटमधून. पोर्टलने विमान कंपनीकडे आधीच भरून ठेवलेल्या रकमेतून ती वळती केली. म्हणजे कंपनीच्या नोंदीत भावाचं खातं कुठेच नाही. रिफंड निघाला तो पोर्टलकडे, तिथून एजंटाच्या वॉलेटमध्ये आणि शेवटी एजंटाच्या हातून भावाकडे यायचा होता. या साखळीत भावाची बँक येते ती अगदी शेवटच्या पायरीला. तिथे आधी जाऊन काहीच हाती लागत नाही.

म्हणून शोध सुरू करताना पैसे दिले त्या दिवसाचं स्टेटमेंट उघडा. त्या ओळीत नाव कोणाचं आहे ते पाहा. विमान कंपनीचं असेल तर रिफंड थेट कार्डावर येईल. बुकिंग पोर्टलचं असेल तर तो पोर्टलमार्गे येईल. दुकानदाराचं असेल तर त्याला गाठायला हवं. ही एक ओळ पाहिली की निम्मे फोन वाचतात.

वहिनींना मी कंपनीला एक मेल लिहायला सांगितलं. त्यात तीनच प्रश्न होते: रिफंड किती रुपयांचा, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या नावे गेला? उत्तर आलं: माणशी 2,700 याप्रमाणे 8,100 रुपये, 10 जुलैला, एजन्सीच्या खात्यात. मूळ 6,200 मधून माणशी 3,500 रद्द करण्याचे कापले होते. ही कपात नियमात बसते का, तेही पडताळून घ्यावं. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेच्या नियमाप्रमाणे रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. या तिकिटावर ती बेरीज 5,050 होती, तेव्हा 3,500 ची कपात चालण्यासारखी होती. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची फी परत मिळायला हवी. ती बुडाली असं समजून पुष्कळ जण अर्जच करत नाहीत.

तो मेल दाखवल्यावर एजंटाने आपल्या वॉलेटचा उतारा काढला. 12 जुलैलाच रक्कम जमा झाली होती. इतर दहा बुकिंगच्या पैशांत ती मिसळली आणि त्यातून पुढची तिकिटं निघत राहिली. बिलावर त्याचा रद्द करण्याचा आकार माणशी 200 लिहिलेला होता. तो वजा करून त्याने 7,500 रुपये त्याच संध्याकाळी पाठवले. बिलावर तो आकार छापलेला नसता, तर मी भावाला पूर्ण 8,100 मागायला सांगितलं असतं.

दुसरी चूक दिवस मोजण्यात होते. “एजंटाला फोनवर सांगितलं तो दिवस” धरून लोक मोजतात. मुदत सुरू होते तिकीट कंपनीकडे खरोखर रद्द झाल्यापासून. रद्द केल्याचा मेल किंवा एसएमएस हातात नसेल, तर तिकीट अजून चालूच असू शकतं आणि विमान सुटल्यावर रिफंड आणखी घटतो. थेट कंपनीकडे क्रेडिट कार्डाने काढलेल्या तिकिटाला 7 दिवस. रोखीने कंपनीच्या काउंटरवर काढलं असेल तर तिथल्या तिथे. एजंट किंवा पोर्टलमार्फत काढलेल्या तिकिटाला वर्षानुवर्षं 30 कामकाजाचे दिवस होते. डीजीसीएच्या नोव्हेंबर 2025 च्या मसुद्यात ते 21 करायचा प्रस्ताव होता, म्हणून आपल्या वेळी लागू असलेला आकडा डीजीसीएच्या साईटवर पाहून मगच भांडा. कामकाजाचे दिवस म्हणजे शनिवार-रविवार सोडून. चवथीच्या आसपास ते भराभर लांबतात. आणि एजंट मध्ये असला तरी रिफंड पुरा करण्याची जबाबदारी नियमाने विमान कंपनीवरच टाकली आहे. “एजंटाकडे जा” म्हणून कंपनी हात झटकते, तेव्हा हे वाक्य तक्रारीत घाला.

कार्डावर आलेला रिफंड दिसत नसेल, तर कंपनीकडे एआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा. व्हिसा किंवा मास्टरकार्डवर हा 23 अंकी क्रमांक असतो. यूपीआयला 12 अंकी संदर्भ क्रमांक असतो. नुसतं “रिफंड आला का?” विचारलं की बँकेचा माणूस चालू पानावर नजर टाकून नाही म्हणतो. क्रमांक दिला की शोध घ्यावाच लागतो. मधल्या काळात कार्ड बदललं असेल, तर पैसे सहसा त्याच खात्यावर वळतात. खातंच बंद केलं असेल तर मात्र ते बँकेत अडकतात, आणि तिथेही हाच क्रमांक लागतो. क्रेडिट कार्डाचं बिल मात्र रिफंडची वाट न बघता पूर्ण भरा. नंतर आलेली रक्कम जमा शिल्लक म्हणून दिसते आणि ती बचत खात्यात वळवून मागता येते.

कंपनी दाद देत नसेल, तर तिचा नोडल अधिकारी, मग सरकारचं एअरसेवा हे तक्रार पोर्टल, मग ग्राहक हेल्पलाईन 1915. बँक 30 दिवसांत उत्तर देत नसेल तर रिझर्व्ह बँकेकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करा. फक्त गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिकिटावर छापलेलाच घ्या. रिफंड घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर फोन ठेवा, आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाईन 1930 लावा.