पेन्शन मायदेशातली, खर्च परदेशातला: बजेट तपासताना या चुका टाळा

निवृत्तीनंतर परदेशात राहायचं ठरवणारे बहुतेक जण हिशेब करतात, पण तो आजच्या दराने. जरा सावध माणूस ‘दर थोडा घसरला तर’ म्हणून पाच टक्के वजा करतो. खरी घसरण याहून बरीच मोठी असू शकते. २००७ च्या सुरुवातीला एका पौंडाला जवळजवळ १.५० युरो मिळायचे, २००८ संपताना तोच भाव १.०२ च्या आसपास आला. पौंडात पेन्शन घेऊन युरोत घरभाडं भरणाऱ्याच्या हातातून दोन वर्षांत सुमारे तिसरा हिस्सा गेला. म्हणून चाचणी घ्यायची ती ३० टक्के घसरणीची.

टक्केवारी उलटी लावणं

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. समजा, तुमची पेन्शन महिना ६०,००० आहे आणि तिथल्या एका नाण्याला तुमच्या चलनातले ३० मोजावे लागतात. म्हणजे हातात २,००० नाणी येतात. आता तुमचं चलन ३० टक्के पडलं. अनेक जण दर ३० चा ३९ झाला असं धरतात. पण ३९ हा दर म्हणजे फक्त २३ टक्के घसरण. तुमच्या चलनाची किंमत ०.७ झाली, तर ३० ला ०.७ ने भागायचं: दर जवळपास ४२.८६ येतो आणि हातात उरतात १,४०० नाणी. गुणायचं की भागायचं, एवढ्या फरकाने चाचणी सोपी होऊन जाते आणि खोटा दिलासा मिळतो.

आणि हो, बातम्यांतला दर आपल्याला मिळत नाही. बँक किंवा पैसे पाठवणारी सेवा स्वतःचं काहीतरी कापतेच. मागच्या दोन-तीन व्यवहारांत खात्यावर प्रत्यक्ष किती जमा झालं, तोच दर धरा.

सगळा खर्च आटवता येईल असं धरणं

याच माणसाचं बजेट १,७०० नाण्यांचं आहे. भाडं ७००, आरोग्यविमा आणि औषधं २५०, वीज-पाणी-फोन १३०. हे १,०८० हलत नाहीत. बाकी ६२० मध्ये जेवणखाण, प्रवास, कपडे, पाहुणे. आज दरमहा ३०० उरतात, म्हणून सगळं छान वाटतं. पण १,७०० ला २,००० ने भागलं तर ०.८५ येतं, म्हणजे १५ टक्के घसरणीलाच शिल्लक शून्य. स्वतःचा हा आकडा आधी काढा, तुमचं बजेट कुठे मोडतं ते तोच सांगतो.

३० टक्क्यांना १,४०० तून १,०८० गेले की ६२० च्या जागी ३२० उरतात. ‘थोडी काटकसर करू’ म्हणणाऱ्याला इथे खर्च जवळपास निम्मा करावा लागतो. अशा वेळी भाजीत कपात करून भागत नाही, मुळात भाडंच कमी हवं. पहिल्या वर्षी लांबचा भाडेकरार टाळा, असं मी म्हणेन.

राखीव पैसे चुकीच्या चलनात ठेवणं

खर्च १,७०० आणि हातात १,४००, ही महिना ३०० ची तूट तीन वर्षं टिकली तर १०,८०० नाणी लागतील. घसरण काही महिन्यांत भरून निघेल हा भरवसा नको. पौंडाने १.५० युरोचा भाव त्यानंतर पुन्हा पाहिलेला नाही. आता ही गंगाजळी मायदेशी ठेवली, तर आजच्या दराने ३,२४,००० पुरेसे दिसतात. पण ज्या दिवशी लागतील त्या दिवशी ४,६३,००० हवेत. पेन्शन आणि राखीव पैसा एकाच वेळी आटतो. म्हणून नियमांत बसत असेल तर निदान वर्षभराची तूट तिथल्या चलनात, जाण्याआधीच थोडी थोडी बदलून ठेवावी.

व्हिसाची अट विसरणं

खर्च भागतो, पण राहायची परवानगीच जाते, असंही होतं. थायलंडमध्ये पन्नाशीपुढच्या निवृत्तांसाठी महिना ६५,००० बाट उत्पन्न किंवा बँकेत ८,००,००० बाट ही ठरलेली पातळी आहे. आज तुमची पेन्शन ८०,००० बाटची होत असेल आणि खर्च ४५,००० असेल, तर घसरणीनंतर हाती येणाऱ्या ५६,००० त तुम्ही आरामात राहाल, पण उत्पन्नाच्या अटीत बसणार नाही. ८०,००० वरून ६५,००० पर्यंत यायला १९ टक्के घसरण पुरते. इथे खर्च कमी करून काही उपयोग नाही, ठेवीचा पर्याय आधीच तयार लागतो.

पेन्शनमधली वाढही गृहीत धरू नका. ती सहसा मायदेशातल्या महागाईवर ठरते, तुम्ही राहता तिथल्या नव्हे. ब्रिटनची सरकारी पेन्शन तर कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना दरवर्षी वाढवून मिळतच नाही. त्यामुळे चाचणीत पेन्शन आहे तेवढीच ठेवा आणि तिथलं भाडं मात्र दरवर्षी थोडं वाढवत न्या.